०.९८चा भुलावा

संकरित ज्वारीचे चार वाफे घेऊ. आकडे सोयीसाठी योजलेले आहेत. हेक्टरी ०, ४०, ८० आणि १२० किलो नत्र दिल्यावर अनुक्रमे १८, २४, २८ आणि ३० क्विंटल धान्य मिळाले. सहसंबंध गुणांक काढला, तर तो ०.९८ येतो. हा गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्यामध्येच असतो, म्हणजे नाते जवळजवळ पूर्ण आहे असे वाटते. इथेच विद्यार्थी थांबतो आणि फसतो.

समाश्रयणाने येणारी रेषा सांगते: उत्पादन = १९ + ०.१ × नत्र. म्हणजे किलोमागे दहा किलो धान्य. या हिशेबाने २४० किलो नत्र ओतले तर ४३ क्विंटल मिळायला हवेत! प्रत्यक्षात पीक लोळेल, किडी-रोगांना बळी पडेल. ही चूक आकड्यांतच दिसत होती. रेषेने सांगितलेले आणि शेतात मिळालेले उत्पादन यांतला फरक काढून पाहावा. दोन्ही टोकांना रेषा एक क्विंटल जास्त सांगते, मधल्या दोन्ही वाफ्यांत एक क्विंटल कमी. फरक असे ओळीने मांडलेले दिसले, की नाते सरळ नाही, वाकलेले आहे हे ओळखावे. पहिल्या ४० किलोंनी सहा क्विंटल वाढवले, पुढच्यांनी चार, शेवटच्यांनी दोनच. नत्राच्या वर्गाचे पद घेऊन वक्र बसवला, तर कमाल उत्पादन १४० किलोंच्या आसपास, सुमारे ३०.२५ क्विंटल येते. तरी १२०च्या पुढचा अंदाज हा अंदाजच. तिथे वाफा नव्हता.

आता हेच आकडे गावातल्या शेतकऱ्यांना विचारून गोळा केले असते, तर? जास्त खत कोण घालतो? बहुधा ज्याची विहीर आटत नाही, जमीन काळी आणि खोल आहे, तो. मग वाढलेले उत्पादन खताचे की पाण्याचे, हे तो गुणांक सांगू शकत नाही. पाऊस चांगला झाला की वरखताची दुसरी मात्राही दिली जाते, त्यामुळे पाऊस आणि खत एकमेकांत गुंततात. दोन्ही चल एकाच समीकरणात घेतले तर काही प्रमाणात उलगडा होतो, पण जमिनीची खोली मोजलीच नसेल तर तिचे श्रेय खताच्या खात्यात जाते.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रात १९१९ साली दाखल झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी यावर उपाय दिला: कोणत्या वाफ्याला किती खत, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे आणि प्रत्येक मात्रा अनेक वाफ्यांत द्यायची. मग चांगली जमीन एकाच मात्रेच्या पदरात पडण्याचा धोका नशिबावर सोपवला जातो आणि मोजताही येतो. पावसाची चिठ्ठी मात्र टाकता येत नाही. म्हणून १९२४ साली त्यांनी तिथल्या गव्हाची अनेक दशकांची नोंद घेऊन पाऊस वर्षभरात कसा विभागला गेला, हे तपासले.

आपल्याकडेही जून ते सप्टेंबरची बेरीज एवढाच चल घेऊ नये. एकूण पाऊस तेवढाच असूनही फुलोऱ्यात पडलेला तीन आठवड्यांचा खंड कोरडवाहू पीक बुडवतो. प्रबंधात बेरीज लिहिण्याआधी पावसाची आठवडावार नोंद जरूर मांडावी.