आनुवंशिकतेची गणिते : जुन्या प्रश्नपत्रिकांतून नेमके काय शिकायचे?

बारावीच्या जीवशास्त्राच्या आणि नीटच्या जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक विद्यार्थी सोडवतात, पण त्यामागे अनेकदा एक गैरसमज असतो. प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा उत्तरे आणि गुणोत्तरे डोक्यात ठेवली की भागते, असे त्यांना वाटते. क्रॉस आणि वंशावळीच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा आहे. परत येतो तो प्रश्नाचा साचा. त्यातले कुटुंब, लक्षण आणि विचारण्याची पद्धत दर वेळी बदलते, आणि ती बदलली की पाठ केलेले उत्तर चुकते. असे साचे फार नाहीत. आईवडिलांचे जनुकप्रकार देऊन संततीविषयी विचारलेले असते, किंवा संततीचे प्रमाण देऊन आईवडील ओळखायला सांगितलेले असते. कधी वंशावळीची आकृती देऊन आनुवंशाचा प्रकार विचारतात, तर कधी कुटुंबाचा इतिहास देऊन पुढच्या मुलाविषयीची संभाव्यता काढायला सांगतात. म्हणून प्रश्न समोर आल्यावर दिलेले काय आहे, विचारलेले काय आहे आणि विचारलेला अपूर्णांक कोणामधला आहे, एवढेच आधी ठरवावे लागते.

रंगांधतेचा नेहमीचा प्रश्न घेऊ. एका स्त्रीची दृष्टी सामान्य आहे, पण तिचे वडील रंगांध होते. तिचा नवरा सामान्य दृष्टीचा आहे. वडिलांकडे एकच एक्स गुणसूत्र होते आणि तेच मुलीला मिळाले, म्हणून ही स्त्री नक्की वाहक आहे. इथवर सर्वांचे बरोबर येते. पुढे एका प्रश्नपत्रिकेत विचारतात, यांच्या मुलग्यांपैकी किती रंगांध असतील? उत्तर 1/2. दुसरीत विचारतात, होणारे मूल रंगांध असण्याची शक्यता किती? उत्तर 1/4, कारण आता मुलीही हिशेबात आल्या आणि त्यांना वडिलांकडून निरोगी एक्स मिळतोच. तिसरीत म्हटलेले असते, पहिली मुलगी झाली आहे, ती रंगांध असण्याची शक्यता किती? उत्तर शून्य. कुटुंब एकच असूनही तीन उत्तरे येतात, कारण छेद बदलला. रंगांधतेचे उत्तर म्हणून 1/2 पाठ केलेला विद्यार्थी यांतल्या दोन ठिकाणी गुण गमावतो, आणि नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण वजाही होतो.

वंशावळीविषयीचा सर्वांत रुजलेला समज असा, की आकृतीत बाधित पुरुष जास्त दिसले म्हणजे लक्षण एक्स-संलग्न. त्याच्या जोडीला आणखी एक येतो : बाधित वडिलांचा मुलगाही बाधित असेल तर एक्स-संलग्न असूच शकत नाही. दोन्ही घाईचे आहेत. छोट्या कुटुंबात बाधित तिघेही पुरुष असणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. आणि वडील-मुलगा दोघे बाधित असले तरी मुलाला ते जनुक वाहक आईकडून मिळालेले असू शकते. आकृतीकडे पाहून अंदाज बांधण्यापेक्षा एकेक शक्यता बाद करत जाणे भरवशाचे. आईवडील दोघे निरोगी आणि मूल बाधित असे एक जोडपे जरी सापडले, तरी लक्षण अप्रभावी ठरते. मग पाहायचे, बाधित मुलीचे वडील निरोगी आहेत का? असतील तर एक्स-संलग्न अप्रभावी बाद, कारण तिच्या दोन एक्सपैकी एक वडिलांचाच असतो. बाधित आईचा मुलगा निरोगी असेल तरीही तेच. एवढ्यावर बरेच प्रश्न सुटतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. काही आकृत्यांत असा निर्णायक पुरावाच नसतो, एकाहून अधिक प्रकार बसतात. तिथे बाद करण्याच्या पद्धतीला मर्यादा पडते हे मान्य. पण पर्यायी प्रश्नात ती तरीही उपयोगी ठरते, कारण आपल्याला फक्त दिलेल्या चार पर्यायांतले जुळणारे उत्तर शोधायचे असते. जे पर्याय आकृतीशी विसंगत आहेत ते खोडले की सहसा एकच उरतो.

आता जिथे हुशार मुलेही अडखळतात तो साचा. सिकलसेल आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच कुटुंबांना माहीत आहे, आणि तो अलिंगी गुणसूत्रावरच्या अप्रभावी पद्धतीने उतरतो. समजा, एका निरोगी पुरुषाच्या बहिणीला हा आजार आहे. त्याची पत्नीही निरोगी आहे, पण तिच्या भावाला आजार आहे. दोघांचेही आईवडील निरोगी. पहिले मूल बाधित असण्याची शक्यता किती? घाईने लिहिलेले उत्तर असते 1/2 × 1/2 × 1/4, म्हणजे 1/16. ते चूक आहे. पुरुषाचे आईवडील दोघे वाहक, म्हणून त्यांच्या संततीत AA, Aa, Aa, aa अशा चार सारख्या शक्यता. पण हा पुरुष निरोगी आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे aa बाद झाला. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहक, म्हणून 2/3. पत्नीचेही तसेच. उत्तर 2/3 × 2/3 × 1/4, म्हणजे 1/9. हाच प्रश्न पुढे असा येतो : पहिले मूल बाधित निघाले, आता दुसऱ्याचे काय? इथे 1/9 पुन्हा लिहायचे नाही. बाधित मुलामुळे आईवडील दोघेही नक्की वाहक ठरले, म्हणून 1/4. आणि हे 1/4 तिसऱ्या, चौथ्या मुलालाही तेवढेच लागू असते; एक बाधित झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील असे नव्हे. मेंडेलच्या वाटाण्यातही जांभळी 705 आणि पांढरी 224 फुले मिळाली होती, म्हणजे 3.15 : 1. गुणोत्तर मोठ्या संख्येत जुळत जाते, एका घरातल्या चार मुलांत ते जुळेलच असे नाही.

शिक्षकांकडूनही ऐकू येणारा आक्षेप असा, की 180 प्रश्नांना 180 मिनिटे असताना एवढा विचार करायला वेळ कुठला? खरे तर वेळ जातो तो चौकटी भरण्यात. AaBbCc या दोन पालकांच्या संकरात तिन्ही प्रभावी लक्षणे असलेली संतती किती, यासाठी 64 घरांचा तक्ता मांडायची गरज नाही. प्रत्येक जोडी वेगळी काढायची आणि गुणायची : 3/4 × 3/4 × 3/4, म्हणजे 27/64. AaBb × Aabb असेल तर 9 : 3 : 3 : 1 आठवून उपयोग नाही, 3/4 × 1/2 केले की दोन्ही प्रभावी लक्षणांचे 3/8 लगेच मिळते. मात्र हा गुणाकार जनुके स्वतंत्रपणे विलग होत असतील तरच चालतो. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या जनुकांना तो लावला तर उत्तर फसते, म्हणून प्रश्नात संलग्नतेचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे.

जुनी प्रश्नपत्रिका हाती घ्याल तेव्हा उत्तरसूची लगेच उघडू नका. प्रत्येक प्रश्नाशेजारी दिलेले काय, विचारलेले काय आणि छेदात कोण, हे लिहा; मग त्याच कुटुंबावर दुसरा प्रश्न स्वतः तयार करून सोडवा.