धावण्याचे बूट चालायला चालतात. उलटे का नाही?

घरात बुटांचा एकच जोड असेल तर तो दोन्ही कामांना वापरता येईल का? थोडक्यात उत्तर असे: रनिंग शूज घालून रोज चालायला हरकत नाही, पण वॉकिंग शूज घालून नियमित धावू नये.

चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना मात्र क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळा भार एका पायावर येतो. ७५ किलो वजनाच्या माणसाच्या पायावर चालताना साधारण ९० किलोचा भार पडतो, तर धावताना तो १५० ते २२५ किलोपर्यंत जातो. म्हणून रनिंग शूजमध्ये तळव्याखाली जाड, हलका फोम असतो. वॉकिंग शूजमधला थर सहसा पातळ आणि टणक असतो. त्यावर रोज धावले, तर न जिरलेला धक्का पोटऱ्या, नडगी आणि गुडघ्यांना सोसावा लागतो. बस पकडायला चार पावले धावलात, तर मात्र काही बिघडत नाही.

आता लवचिकपणा. चालताना टाच आधी टेकते, मग भार पुढे सरकतो आणि शेवटी चवडा वाकून पाऊल उचलले जाते. त्यामुळे बूट चवड्यापाशी सहज वाकायला हवा. दुकानात बुटाची टाच एका हाताने धरा आणि पुढचे टोक दुसऱ्या हाताने वर दाबा. जिथे बोटे सुरू होतात तिथे बूट वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर तो पायाला आधार देणार नाही. बहुतेक साधे रनिंग शूज या परीक्षेत पास होतात. शर्यतीसाठीचे, कार्बनची पट्टी असलेले बूट मात्र मुद्दाम ताठ केलेले असतात. ते रोजच्या फेरफटक्यासाठी घेऊ नयेत.

झिजेचा हिशेब वेगळा आहे. रनिंग शूजचे आयुष्य ढोबळमानाने ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. रोज ४ किलोमीटर चालणारा महिन्याला १२० किलोमीटर चालतो, म्हणजे चार ते साडेसहा महिन्यांत हा आकडा गाठतो. चालण्याचा धक्का कमी असल्याने फोम थोडा जास्त टिकू शकतो, पण टाचेची बाहेरची कड सिमेंटच्या रस्त्यावर लवकर घासते. वरून बूट नवा दिसला, तरी फोम आधीच बसलेला असू शकतो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा: तो एका बाजूला कलत असेल किंवा सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, तर तो बदला.

आठवड्यातून काही दिवस धावणाऱ्यांनी धावण्याचा जोड बाजारहाटाला वापरू नये. जुना झालेला जोड चालण्यासाठी ठेवावा, तोही कलंडलेला नसेल तरच. आणि एकच जोड घेणे परवडत असेल, तर साधा, चवड्यापाशी वाकणारा रनिंग शूज घ्यावा.