घरच्या दुकानातलं वर्ष बायोडेटात कसं लिहावं?

बी.कॉम. झालेला एक तरुण तालुक्याच्या गावी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात वर्षभर राबला आणि आता पुण्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करतो आहे, असं समजू. त्या वर्षाची ना सॅलरी स्लिप, ना पीएफची नोंद. मग पुष्कळ मुलं दोनपैकी एक वाट धरतात: ते वर्ष गाळतात, नाहीतर वडिलांच्या लेटरहेडवर ‘मॅनेजर’ म्हणून अनुभवाचा दाखला करून घेतात.

गाळलं की रिकामं वर्ष दिसतं. दाखल्याचा धोका मोठा आहे. नेमणुकीनंतर पडताळणी झाली, तर बँक स्टेटमेंट आणि पीएफचा तपशील मागितला जातो. पगार दाखवला असेल तर तिथेच तो उघडा पडतो. म्हणून सरळ लिहावं: ‘कौटुंबिक व्यवसायात पूर्णवेळ काम, विनावेतन’. मागच्या पगाराच्या रकान्यात शून्य. नोकरीच्या अनुभवाची वर्षं मोजताना हे वर्ष धरलं जाईलच असं नाही, तेव्हा अर्ज फ्रेशर म्हणून करणं सुरक्षित.

आता कामं निवडायची. काउंटर सांभाळणं, माल उतरवून घेणं हे सगळं त्यानं केलं असेल. पण या जागेसाठी दोनच गोष्टी बोलक्या आहेत. पहिली, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी ताडून पाहणं. हे विवरण पोर्टलवर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला येतं. ज्या व्यापाऱ्यानं आपलं बिल भरलेलं नसतं, ते त्यात दिसत नाही आणि त्यावरचा कर तेव्हा वळता करून घेता येत नाही. अशी बिलं शोधून व्यापाऱ्याकडे पाठपुरावा केला, हे एका ओळीत लिहिता येतं.

दुसरी गोष्ट उधारीची. त्यानं ९० दिवसांवर थकलेली खाती वेगळी काढली आणि वसुली केली. ऑगस्टमध्ये ४ लाख असलेली थकबाकी नोव्हेंबरमध्ये अडीच लाखांवर आली, असं तो लिहील. पण सोयाबीन विकून हातात पैसे आले की शेतकरी गिऱ्हाईक एरवीही उधारी चुकतं करतं. जाणकार मुलाखतकार नेमकं तेच विचारेल. म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरशी करावी. तेव्हा सव्वातीन लाख थकले असतील, तर पाऊण लाखाचा फरक सांगावा. आकडा लहान होतो, पण प्रश्नाला टिकतो.

कोणाला किती उधार द्यायचं हे वडील ठरवत असतील, तर तेही तसंच सांगावं. ‘यादी मी करायचो, निर्णय वडिलांचा असायचा’ या वाक्यानं उमेदवाराची किंमत कमी होत नाही. अकाउंट्स असिस्टंटकडून यादीच हवी असते.