कावळ्याचा पाय कुठल्या टोकाला?

वाचनालयाचा डेटाबेस बांधण्याआधी एक आकृती काढतात. कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्या नोंदींचं एकमेकींशी नातं काय, हे तिच्यात दिसतं. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीत सभासद आणि पुस्तक चौकटींत बसतात, तर ‘नेतो’ हे नातं मधल्या शंकरपाळीत. रेघांवर १, N, M असे आकडे-अक्षरं लिहितात. ‘क्रोज फूट’ पद्धतीत शंकरपाळी नसते. रेघेच्या टोकाला तीन बोटांचा कावळ्याचा पाय काढला की ‘अनेक’, आडवी दांडी म्हणजे ‘एक’ आणि गोल म्हणजे ‘शून्यही चालेल’.

पुस्तक कधी नेलं, ही तारीख ना सभासदाची, ना पुस्तकाची. ती त्या नेण्याची आहे. चेन यांच्या आकृतीत ती सरळ शंकरपाळीला जोडता येते. क्रोज फूटमध्ये तिच्यासाठी ‘देवघेव’ अशी तिसरी चौकट काढावी लागते. पुढे डेटाबेसमध्ये तक्ताही तसाच होतो, म्हणून बांधकामाच्या वेळी मला हीच पद्धत जवळची वाटते. ग्रंथपालांशी पहिली चर्चा करताना मात्र शंकरपाळी लवकर कळते.

खरा घोळ होतो तो दोन्ही पद्धती एकाच आकृतीत मिसळल्या की. नियम असा धरू: प्रत्येक देवघेवीला एक सभासद हवाच, पण सभासदाने एकही पुस्तक नेलेलं नसलं तरी चालेल. चेन यांच्या धाटणीच्या आकृत्यांत ही सक्ती दाखवायला दुहेरी रेघ वापरतात आणि ती देवघेवीच्याच बाजूला येते. क्रोज फूटमध्ये तीच सक्ती पलीकडे, सभासदाच्या टोकाला दोन दांड्यांनी दाखवतात. देवघेवीच्या टोकाला येतो गोल आणि कावळ्याचा पाय. म्हणजे ‘किती’ची खूण दोन्हीकडे त्याच टोकाला राहते आणि ‘हवंच का’ची खूण बाजू बदलते.

जुन्या सवयीने कुणी गोल सभासदाच्या टोकाला काढला, तर प्रोग्रॅमर वाचणार: देवघेवीला सभासद नसला तरी चालेल. मग देवघेवीच्या तक्त्यात सभासद क्रमांकापुढचं `NOT NULL` गळतं आणि पुस्तक बाहेर गेलेलं दिसतं, पण कुणाच्या नावावर, ते सापडत नाही.

हे पकडण्यासाठी प्रत्येक रेघ दोन्ही दिशांनी मोठ्याने वाचावी. ‘एका देवघेवीला कमीत कमी एक, जास्तीत जास्त एक सभासद.’ ‘एका सभासदाच्या कमीत कमी शून्य, जास्तीत जास्त कितीही देवघेवी.’ ही वाक्यं ग्रंथपालांनाच ऐकवावीत, कारण चूक त्यांच्या चटकन लक्षात येते.

दोन्हीकडे कावळ्याचा पाय दिसतो म्हणूनही निर्धास्त राहू नये. बार्कर पद्धतीत तोच पाय असतो, पण ‘नसलं तरी चालेल’ हे तुटक रेघेने दाखवतात आणि ती तुटक अर्धी रेघ ज्याला सक्ती नाही, त्याच्याच बाजूला असते. म्हणून कोणती पद्धत वापरली आणि कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं.