किटकॅटमधली तार

जुन्या घरांत मीटरशेजारच्या लाकडी फळीवर चिनी मातीची पांढरी किटकॅट दिसते. मागे फळीला ठोकलेला पाया, पुढे ओढून काढायची मूठ आणि मुठीतल्या दोन स्क्रूंमध्ये केसासारखी बारीक तार. एमसीबी आल्यापासून ही बांधणारे हात कमी झाले. साताऱ्याकडच्या एका घरात मात्र आजोबांनी नातीला ते शिकवलं, तेही ऐन भारनियमनात.

त्या संध्याकाळी बादलीत दीड हजार वॉटची कांडी लावलेली होती. त्यातच कोणीतरी साडेसातशे वॉटची इस्त्री लावली. थोड्या वेळाने घरात अंधार. समोरच्यांकडे दिवे होते, म्हणजे फ्यूज आपलाच उडालेला. आजोबा स्टूल आणेपर्यंत भारनियमनाची वेळ झाली आणि सगळी आळीच काळोखात गेली.

“बरं झालं, आता वीजच नाही,” म्हणत नातीने मुठीला हात घातला. आजोबांनी तो मागे ओढला.

“आधी मेन स्विच पाड. गेलेली वीज कधीही येते. आत्ता टेस्टर पेटला नाही, तर त्यावरून काही कळत नाही.”

स्विच पाडून मूठ काढली. बॅटरीच्या उजेडात तार मधोमध वितळलेली दिसली, चिनी माती मात्र स्वच्छ होती. शॉर्ट सर्किट झालं असतं, तर मूठ काळवंडली असती, तांब्याचे शिंतोडे उडाले असते. तसं असेल तर दोष सापडेपर्यंत नवी तार घालायची नाही. इथे हिशेब सरळ होता. कांडी आणि इस्त्री मिळून सव्वादोन हजार वॉट, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळपास 10 अँपिअर. तार होती 5 अँपिअरची, 0.2 मिलिमीटर जाडीची. अशी तार साधारण दुप्पट प्रवाहाला वितळते, तीही तापत तापत.

“दोन पदर घालू? म्हणजे परत उडणार नाही.”

“तार उडणार नाही, पण भिंतीतली वायर जळेल. तिला वाचवायलाच ही आहे.”

जुने तुकडे काढून नातीने नवी तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळली. उलटी गुंडाळली, तर स्क्रू आवळताना ती बाहेर सरकते. दुसऱ्या टोकाला मात्र तिने तार ताणून धरली. आजोबांनी ती सैल करायला लावली, कारण ताणलेली तार बारीक होते आणि कमी प्रवाहालाच तुटते. स्क्रूही बेताने आवळायचा, नाहीतर तार तिथेच कापली जाते. तो ढिला ठेवला, तर सांधा तापतो. या दोन्हींच्या मधला आवळ हातालाच कळतो, तो सांगून येत नाही.

मूठ बसवली, कांडी आणि इस्त्रीचे प्लग काढले, मग मेन स्विच चढवला.

“आता शॉक बसणार नाही ना?”

“बसेल की! माणूस मरायला 5 अँपिअर लागत नाहीत, त्याच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा प्रवाह पुरतो. तेवढ्याने ही तार कोमटही होत नाही.”