ठेवणे स्वस्त, काढणे महाग

क्लाउडवर फाइल ठेवण्याचा दर ती किती वेळा उघडायची आहे यावर ठरतो. अ‍ॅमेझॉनच्या एस३ सेवेत, अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागाच्या प्रसिद्ध दरानुसार, रोजच्या वापराच्या ‘स्टँडर्ड’ वर्गात एका जीबीला महिन्याला सुमारे २.३ सेंट पडतात. ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’ या सर्वांत स्वस्त वर्गात हेच भाडे ०.१ सेंटच्या आसपास आहे.

हा स्वस्तपणा वेळेच्या बदल्यात मिळतो. डीप आर्काइव्हमधली फाइल थेट उघडत नाही. आधी ‘रिस्टोअर’ची विनंती करावी लागते. नेहमीच्या पद्धतीने ती १२ तासांत हाती येते, ‘बल्क’ या स्वस्त पद्धतीने ४८ तासांत. मिळते ती तात्पुरती प्रत. ती जितके दिवस ठेवाल तितके दिवस स्टँडर्डचे भाडे वेगळे. शिवाय फाइल १८० दिवसांच्या आत पुसली तरी उरलेल्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. गुगलच्या आर्काइव्ह वर्गात फाइल लगेच उघडते खरी, पण तिथे किमान मुदत ३६५ दिवसांची आहे.

लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या एखाद्या स्टुडिओकडे १० टीबी कच्चे फुटेज आहे असे धरू. स्टँडर्डमध्ये महिन्याला २३० डॉलर, डीप आर्काइव्हमध्ये जेमतेम १०. पुढे सगळे फुटेज परत हवे झाले तर बल्कने काढण्याचे २५ डॉलर, घाई असेल तर २००. खरा फटका त्यानंतर बसतो. क्लाउडमधून इंटरनेटवर डेटा बाहेर नेण्याचा दर जीबीला सुमारे ९ सेंट, म्हणजे जवळपास ९०० डॉलर. साडेसात वर्षांचे भाडे एका डाउनलोडमध्ये गेले! दरपत्रकात ही रक्कम ‘डेटा ट्रान्सफर’च्या वेगळ्या पानावर असल्याने बऱ्याच जणांना ती बिल आल्यावरच कळते.

बारीक फाइलींचे दुखणे वेगळे. प्रत्येक फाइलमागे ४० केबीची नोंद जास्तीची ठेवली जाते आणि दर हजार फाइली चढवण्याचे ५ सेंट लागतात. १० केबीच्या एक कोटी पावत्यांचा डेटा जेमतेम १०० जीबी भरतो, पण नुसत्या चढवण्याचेच ५०० डॉलर होतात. म्हणून त्या महिनावार एकत्र बांधून ठेवाव्यात आणि कोणत्या गठ्ठ्यात काय आहे याची यादी स्टँडर्डमध्येच असावी. यादी नसेल तर एका पावतीसाठी सगळे गठ्ठे उघडत बसावे लागेल.

या वर्गात शोभतो तो न बदलणारा, क्वचित लागणारा आणि दोन दिवस थांबू शकणारा डेटा: संपलेल्या कामाचे मूळ फुटेज, कंपनी कायद्यानुसार आठ वर्षे जपायचे हिशेब, किंवा दुसरीकडे चालू बॅकअप असताना ठेवलेली शेवटची प्रत. सर्व्हर बंद पडल्यावर तासाभरात लागणारा एकमेव बॅकअप मात्र इथे ठेवू नये.