निम्मे पार, निम्मे अडले: पण कोणते निम्मे?

टेबलावर दोन दिवे आहेत असे समजू. दोन्हींतून एका वेळी एकेकच फोटॉन बाहेर पडतो. पहिल्या दिव्याच्या प्रत्येक फोटॉनचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या विद्युत क्षेत्राच्या कंपनाची दिशा, उभ्या आणि आडव्याच्या बरोबर मधोमध आहे, ४५ अंशांवर तिरकी. दुसरा दिवा दर फोटॉनमागे नाणे उडवतो. छापा पडला तर उभा फोटॉन सोडतो, काटा पडला तर आडवा. समोर उभा पोलारॉइड धरला, तर दोन्ही दिव्यांचे निम्मे फोटॉन पार जातात आणि निम्मे अडतात. मग दोन दिव्यांत फरक काय?

पोलारॉइड ४५ अंशांनी फिरवला की तो दिसतो. पहिल्या दिव्याचे सगळे फोटॉन आता पार होतात, दुसऱ्याचे मात्र अजूनही निम्मेच. म्हणजे पहिल्या दिव्याचा तिरका फोटॉन ‘खरे तर उभा किंवा आडवा, फक्त आपल्याला ठाऊक नाही’ असा नव्हता. तसा असता तर फिरवलेल्या पोलारॉइडमध्ये निम्मे अडलेच असते. पहिली अवस्था शुद्ध, दुसरी मिश्र. दुसरीत अज्ञान आहे, पहिलीत नाही.

हा फरक एका चौकोनी तक्त्यात मांडता येतो. त्याला डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणतात. दोन दिव्यांचे तक्ते असे:

```
पहिला दिवा        दुसरा दिवा
०.५   ०.५         ०.५   ०
०.५   ०.५         ०     ०.५
```

वरून खाली उतरणाऱ्या मुख्य कर्णावर उभा आणि आडवा सापडण्याच्या शक्यता आहेत. त्या दोन्हीकडे सारख्याच. सगळी गंमत उरलेल्या दोन कोपऱ्यांत आहे. उभ्या आणि आडव्या घटकांमधला ताळमेळ, म्हणजे त्यांच्या लहरींमधले पक्के नाते, तिथे नोंदले जाते. नाण्याने तो ताळमेळ पुसला, म्हणून तिथे शून्य. शुद्धता मोजायची रीतही सोपी आहे. चारही आकड्यांच्या मापांचे वर्ग करून बेरीज घ्या. पहिल्या दिव्याची येते १, म्हणजे शुद्ध. दुसऱ्याची ०.५, आणि दोन पर्यायांच्या व्यवस्थेत याहून कमी येऊच शकत नाही.

प्रयोगशाळेत उत्तर सहसा या दोहोंच्या मधले असते. समजा १०,००० फोटॉन उभ्या पोलारॉइडवर सोडले आणि ५,००० पार गेले. आणखी १०,००० तिरक्यावर सोडले, ९,००० पार गेले. तिरके पार होणारे ०.९, अडणारे ०.१. फरक ०.८, त्याचे निम्मे ०.४, तोच कोपऱ्यातला आकडा. वर्गांची बेरीज ०.२५, ०.२५, ०.१६ आणि ०.१६ मिळून ०.८२. ताळमेळ बराचसा टिकून आहे, पण कुठेतरी गळती आहे.

मात्र हा हिशेब अजून अपुरा आहे, आणि घाईत फसगत होते ती इथेच. वर्तुळाकार ध्रुवणाचा प्रकाश घ्या. पोलारॉइड कसाही फिरवा, निम्मेच फोटॉन पार होतील, आणि आपण बिनधास्त ‘मिश्र’ म्हणून मोकळे होऊ. पण ती अवस्था पूर्ण शुद्ध असते. तिच्या कोपऱ्यांतल्या संख्या काल्पनिक असतात आणि नुसत्या पोलारॉइडला त्या दिसत नाहीत. त्यासाठी पोलारॉइडच्या आधी क्वार्टर-वेव्ह प्लेट ठेवून तिसरे मापन करावे लागते. वरच्या उदाहरणात त्या मापनातही निम्मे-निम्मे आले, तरच ०.८२ खरे. शिवाय हे सारे पुष्कळ फोटॉन मोजूनच कळते. एकटा फोटॉन पार गेला किंवा अडला, त्यावरून काहीच ठरत नाही.

आता तिसरा दिवा आणू. हाही नाणे उडवतो, पण उभा-आडवा नव्हे, तर उजवीकडे किंवा डावीकडे ४५ अंशांनी तिरका फोटॉन सोडतो. त्याचा तक्ता मांडला तर तो हुबेहूब दुसऱ्या दिव्याचाच निघतो. त्या दोन दिव्यांना वेगळे ओळखणारा प्रयोग नाही आणि असूही शकत नाही. नाण्याची वही कुणी जपून ठेवली असेल तर फोटॉनांची विभागणी करून फरक दाखवता येईल. पण वही हाती आली की आपले अज्ञानच संपले, आणि तक्ताही बदलला. माझ्या मते या विषयातला सर्वांत पचायला जड भाग हाच. मिश्रण कशाचे केले, हा प्रश्न तक्त्याला विचारण्यात अर्थ नाही.

१९२७ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि लेव्ह लँडाऊ या दोघांनी ही मांडणी स्वतंत्रपणे केली. लँडाऊ तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते आणि त्यांच्यासमोर नाणे नव्हते, मोठ्या व्यवस्थेशी जोडलेल्या एका भागाचे वर्णन कसे करायचे हा प्रश्न होता. पूर्णपणे गुंतलेल्या दोन फोटॉनांची जोडी घ्या. जोडीची एकत्र अवस्था शुद्ध असते, तिच्याबद्दल जाणण्यासारखे काहीच शिल्लक नसते. तरी त्यातल्या एकट्या फोटॉनचा तक्ता मांडला, तर कुणीही नाणे उडवलेले नसताना दुसऱ्या दिव्याचाच तक्ता मिळतो.